तह, मंदी आणि म्युनिक: सुडेटनलँडच्या प्रकरणातून काय दिसते

प्रश्न: "शाळेत शिकलो की व्हर्सायच्या तहातल्या अन्यायामुळे दुसरे महायुद्ध झाले. कुठे वाचतो की महामंदीमुळे, तर कुठे ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेनच्या भित्रेपणामुळे. यातले खरे कारण कोणते? आणि १९३८ मध्येच ब्रिटन आणि फ्रान्स लढले असते तर बरे झाले असते का?"

ही तिन्ही कारणे एकाच तराजूत घालून जड कुठले ते बघू गेलात, तर वाद संपणार नाही. तिघांनी तीन वेगवेगळी कामे केली. तहाने तक्रार पुरवली. मंदीने ती तक्रार वापरणाऱ्या माणसाला सत्तेपर्यंत नेले. आणि युद्ध कधी, कोणाला सोबत घेऊन आणि किती तयारीनिशी लढावे लागेल, हे मुत्सद्देगिरीतल्या चुकांनी ठरवले. त्यामुळे हिटलर सत्तेवर का आला असे विचारलेत तर माझे उत्तर एक असेल, आणि १९३९ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटन इतक्या अडचणीच्या स्थितीत युद्धात का उतरला असे विचारलेत तर दुसरे असेल.

मी पदव्युत्तर वर्गाला आधुनिक युरोपचा इतिहास शिकवतो. या विषयाला हात घालताना मी विद्यार्थ्यांना कागदावर दोन रकाने आखायला लावतो. डावीकडे व्हर्सायची कोणती अट कधी सैल झाली ते लिहायचे आणि उजवीकडे नाझी पक्षाची मते. डावा रकाना असा भरतो: १९२४ मध्ये डॉज योजनेने युद्धखंडणीचे हप्ते पेलवतील असे केले. १९२६ मध्ये जर्मनी राष्ट्रसंघात आला, तोही कायम सदस्याचा मान घेऊन. जून १९३० मध्ये ऱ्हाईनलँडमधून दोस्तांचे सैन्य ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी निघून गेले. जुलै १९३२ मध्ये लोझान परिषदेत युद्धखंडणी जवळजवळ संपलीच. उजव्या रकान्यात १९२८ साली नाझींना २.६ टक्के मते दिसतात, सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३. म्हणजे तहाच्या तक्रारी एकेक करून मिटत गेल्या त्याच काळात नाझींची मते वाढत गेली. परकी सैन्य ऱ्हाईनलँडमधून गेल्यानंतर तीन महिन्यांच्या आत नाझी पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या.

केवळ तहाच्या रागावर किती मते मिळत होती, हे तपासण्याची संधी इतिहासाने एकदा दिली होती. युद्धखंडणीची फेरमांडणी करणाऱ्या यंग योजनेविरुद्ध जर्मनीतल्या उजव्या गटांनी १९२९ साली सार्वमत घडवून आणले. राष्ट्रवादी पक्ष, त्याचा नेता हुगेनबर्ग याची वर्तमानपत्रे आणि हिटलर, सगळे एकत्र आले होते. विषय निखळ व्हर्सायचा होता. डिसेंबरमध्ये मतदान झाले तेव्हा एकूण मतदारांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी त्यांना साथ दिली. राग नव्हता असे नाही, पण नुसत्या रागावर सरकारे पडत नव्हती.

मग घडले ते अर्थव्यवस्थेत. १९२४ नंतरची जर्मन भरभराट बरीचशी अमेरिकेतून आलेल्या अल्पमुदतीच्या कर्जांवर उभी होती आणि ती कर्जे परत मागितली जाऊ लागली. १९३१ च्या उन्हाळ्यात मोठ्या बँका कोसळल्या. १९३२ च्या सुरुवातीला नोंदणी झालेले बेरोजगारच ६० लाखांवर होते. चॅन्सेलर ब्र्यूनिंग संसदेला डावलून राष्ट्राध्यक्षांच्या अध्यादेशांनी पगार, निवृत्तिवेतन आणि भत्ते कापत राहिले. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. बेरोजगार कामगार मोठ्या संख्येने कम्युनिस्टांकडे गेले. नाझींना गठ्ठ्याने मते दिली ती छोट्या गावांतल्या दुकानदारांनी, कारागिरांनी आणि कर्जात बुडालेल्या प्रोटेस्टंट शेतकऱ्यांनी. आपल्यावर ही वेळ का आली याचे सोपे उत्तर त्यांना हवे होते आणि व्हर्साय हे तयार उत्तर होते. जुनी तक्रार मंदीने अशी पुन्हा चालती केली. तरीही मंदीने हिटलरला थेट खुर्चीत बसवले असे म्हणू नका. नोव्हेंबर १९३२ मध्ये त्याची मते ३३.१ टक्क्यांवर उतरली होती. जानेवारी १९३३ मध्ये त्याला चॅन्सेलर नेमले ते राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग आणि त्यांच्या भोवतालच्या मंडळींनी, त्याला आपण ताब्यात ठेवू या भरवशावर.

आता हिटलरच्या मागण्या मान्य करून युद्ध टाळण्याच्या, म्हणजे अनुनयाच्या धोरणाकडे येतो. यासाठी मी झेकोस्लोव्हाकियाच्या सरहद्दीवरच्या जर्मन भाषक पट्ट्याचे, सुडेटनलँडचेच प्रकरण घेतो, कारण तह, मंदी आणि मुत्सद्देगिरी इथे एकाच वर्षात एकमेकांत गुंतलेली दिसतात.

पहिली गोष्ट, सुडेटनलँड जर्मनीकडून कोणी हिरावून घेतलेच नव्हते. १८७१ ते १९१८ च्या जर्मन साम्राज्यात तो प्रदेश कधीच नव्हता. बोहेमिया आणि मोराव्हिया हॅब्सबर्ग राजघराण्याचे, आणि नव्या झेकोस्लोव्हाकियाची ऑस्ट्रियाकडची वाटणी सेंट जर्मेनच्या तहाने झाली. तक्रार मात्र खोटी नव्हती. सुमारे ३० लाख जर्मन भाषकांना न विचारता नव्या देशात घातले गेले होते. सरकारी नोकऱ्यांत झेक भाषेची अट होती, जमीन सुधारणांचा फटका जर्मन जमीनदारांना बसला होता. असे असूनही १९२६ पासून जर्मन पक्षांचे मंत्री प्रागच्या मंत्रिमंडळात बसत होते आणि बहुसंख्य सुडेटन जर्मन सहकार्य करणाऱ्या पक्षांनाच मते देत होते.

मंदीने हे चित्र पालटले. सरहद्दीवरच्या या पट्ट्यात काच, कापड आणि चिनी मातीच्या भांड्यांचे कारखाने होते आणि त्यांचा माल परदेशी जायचा. निर्यात आटली तशी तिथली बेरोजगारी देशाच्या इतर भागांपेक्षा बरीच चढली, आणि प्राग आपल्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करते आहे अशी भावना घट्ट झाली. कॉनराड हेनलाइनची चळवळ १९३३ साली सुरू झाली आणि १९३५ च्या निवडणुकीत तिने सुमारे दोन तृतीयांश जर्मन मते घेतली. सीमा १९२६ सालीही तीच होती आणि तहही तोच होता. लोकांच्या हातचे काम तेवढे गेले होते.

पुढचे प्रकरण तारखांसह पाहण्यासारखे आहे, कारण एखादी तक्रार खरी अडचण आहे की निमित्त आहे हे ओळखायचे कसे, ते इथे कळते. ती पूर्ण केली तर समोरचा काय करतो, ते बघायचे.

२८ मार्च १९३८ रोजी हेनलाइन बर्लिनमध्ये हिटलरला भेटला. तिथे ठरलेले धोरण असे की पूर्ण होणारच नाहीत इतक्या मागण्या करत राहायचे. एप्रिलमध्ये कार्ल्सबाड इथे त्याने आठ मागण्या मांडल्या, जवळपास पूर्ण स्वायत्ततेच्या. ब्रिटनने ऑगस्टमध्ये मध्यस्थीसाठी लॉर्ड रन्सिमन यांना प्रागला पाठवले आणि सगळा दबाव झेक सरकारवर आणला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्राध्यक्ष बेनेश यांनी आपल्या चौथ्या योजनेत त्या आठ मागण्या जवळजवळ सगळ्या मान्य केल्या. तडजोडच हवी असती तर हेनलाइनच्या पक्षाने हा विजय म्हणून मिरवला असता. त्यांनी केले उलटेच. ७ सप्टेंबरला मोराव्हस्का ओस्ट्रावा इथे पोलिसांशी झालेल्या झटापटीत आपल्या एका खासदाराला चाबूक बसला, हे निमित्त धरून त्यांनी बोलणीच तोडली.

हीच गोष्ट आठवडाभराने वरच्या पातळीवर घडली. १५ सप्टेंबरला चेंबरलेन बेर्ख्टेसगाडेनला विमानाने गेले. हिटलरने स्वयंनिर्णयाच्या नावावर सुडेटनलँड मागितले. चेंबरलेन यांनी आपले मंत्रिमंडळ आणि फ्रेंचांना राजी केले आणि मग प्रागला कळवले की जर्मन बहुसंख्येचा मुलूख द्या, नाहीतर तुम्ही एकटे आहात. २१ तारखेला झेक सरकारने मान तुकवली. २२ तारखेला चेंबरलेन गोडेसबर्गला गेले आणि तुम्ही मागितलेले सगळे मिळवून आणले आहे, हे त्यांनी हिटलरला तपशीलवार सांगितले. हिटलरचे उत्तर असे होते की खेद वाटतो, पण आता याचा उपयोग नाही. आता त्याला १ ऑक्टोबरपर्यंत लष्करी ताबा हवा होता, तोही सीमा आयोग वगैरेची वाट न पाहता. पोलंड आणि हंगेरीच्या मागण्याही त्याने पुढे केल्या. कारण सरळ होते. ३० मे रोजीच्या गुप्त लष्करी आदेशात त्याने झेकोस्लोव्हाकिया बळाने मोडण्याचा निश्चय नोंदवून ठेवला होता आणि तयारीची मुदत १ ऑक्टोबर होती. त्याला तक्रार मिटायलाच नको होती.

तो आदेश लंडनला ठाऊक नव्हता, ही चेंबरलेन यांच्या बाजूची गोष्ट. पण गोडेसबर्गचा अनुभव समोर होता आणि तो वाचणारे लोकही होते. परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स तोवर चेंबरलेन यांच्या बरोबरीने चालले होते. २५ सप्टेंबरच्या मंत्रिमंडळ बैठकीत मात्र त्यांनी सांगितले की आपले मत बदलले आहे आणि गोडेसबर्गच्या अटी झेकांवर लादता येणार नाहीत. म्हणून 'आज मागे वळून पाहताना सगळे सोपे दिसते' हा बचाव मला पूर्णपणे पटत नाही. त्याच आठवड्यात, तेच कागद वाचून, त्याच खोलीतला माणूस वेगळ्या निष्कर्षाला आला होता.

तरी भित्रेपणा हे स्पष्टीकरण अपुरे आहे. जर्मनीला तीनदा जाऊन बोलणी करायची तयारी भित्र्या माणसाची नसते. चेंबरलेन यांना दोन गोष्टींनी बांधून ठेवले होते. एक म्हणजे व्हर्सायबद्दलची टोचणी. जर्मनीवर अन्याय झाला आहे असे ब्रिटनमधल्या अनेक सुशिक्षितांना मनापासून वाटत होते. त्यामुळे जर्मन भाषकांचा मुलूख जर्मनीला न देण्यासाठी लढायचे, हे लोकांना पटवणे अवघड होते. हिटलर ही टोचणी अचूक ओळखून होता आणि मार्च १९३९ पर्यंत प्रत्येक मागणी तो स्वयंनिर्णयाच्या भाषेत मांडत राहिला. तहाचा युद्धाशी सर्वांत थेट संबंध मला इथे दिसतो: त्याने जर्मनांना जितके भडकवले, त्याहून जास्त ब्रिटिशांचे हात बांधले.

दुसरी गोष्ट पैशाची. १९३१ मध्ये ब्रिटनला सुवर्णपरिमाण सोडावे लागले होते आणि त्यानंतर १९३७ पर्यंत अर्थमंत्री चेंबरलेनच होते. अमेरिकेचे युद्धकर्ज थकल्यामुळे १९३४ च्या जॉन्सन कायद्यानुसार ब्रिटनला तिथे नवे सरकारी कर्ज उभारणे बंद झाले होते. लांबलेल्या युद्धात लागणारा कच्चा माल आणि यंत्रे आपल्याच सोने-डॉलरच्या साठ्यातून घ्यावी लागणार, म्हणून आर्थिक स्थैर्य हे संरक्षणाचे चौथे दल आहे असे ब्रिटिश अर्थखाते म्हणत असे. त्यात १९३७ च्या अखेरीस सेनाप्रमुखांनी बजावले की जर्मनी, इटली आणि जपान या तिघांशी एकाच वेळी लढणे आपल्याला झेपणार नाही. सिंगापूर, हिंदुस्थान, भूमध्य समुद्र असा पसारा सांभाळायचा तर एक तरी शत्रू कमी करायला हवा, असा तो हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. चूक होती ती हिटलर कमी करता येण्यासारखा शत्रू आहे हे गृहीत धरण्यात.

म्युनिकची रात्र यातून आली. २९ सप्टेंबरला हिटलर, मुसोलिनी, चेंबरलेन आणि फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए एकत्र बसले. ज्यांचा देश तोडायचा होता ते झेक प्रतिनिधी हॉटेलात थांबवून ठेवले होते. मध्यरात्र उलटल्यावर त्यांना बोलावून करार हातात दिला आणि त्यांच्या उत्तराची अपेक्षा नाही असे सांगण्यात आले. त्यांच्यापैकी एकाने आपल्या टिपणात लिहून ठेवले आहे की त्या वेळी चेंबरलेन सारख्या जांभया देत होते. विद्यार्थ्यांना मी हे टिपण आवर्जून वाचायला देतो. एका मित्रराष्ट्राशी कसे वागले गेले हे मॉस्कोनेही पाहिले होते, आणि त्या परिषदेला सोव्हिएत संघाला बोलावलेही नव्हते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. १९३८ मध्ये लढणे बरे झाले असते का, याचे उत्तर तुम्ही आकाश बघता की जमीन यावर अवलंबून आहे. आकाशाच्या बाजूने पाहिले तर ब्रिटनला ते वर्ष फार उपयोगी पडले. म्युनिकच्या वेळी स्पिटफायर विमाने नुकती एका स्क्वॉड्रनकडे येऊ लागली होती आणि किनाऱ्यावरची रडारची साखळी अर्धवट होती. १९४० च्या उन्हाळ्यात हे दोन्ही तयार होते. पण त्याच वेळी हेही खरे की १९३८ साली जर्मन विमानदलाकडे बेल्जियम किंवा फ्रान्समधले तळ नव्हते. जर्मनीतल्या तळांवरून लंडन बेचिराख करण्याइतकी ताकद त्याच्यात नव्हती. लंडनच्या बागांत खंदक खणले गेले आणि लोकांना वायूपासून वाचवणारे मुखवटे वाटले गेले, ते या ताकदीच्या फुगवलेल्या अंदाजामुळे.

जमिनीवर हिशेब उलटा पडतो. झेकांनी २३ सप्टेंबरला सैन्याची जमवाजमव केली तेव्हा दहा लाखांवर माणसे उभी राहिली. सरहद्दीच्या डोंगरांत काँक्रीटची तटबंदी होती. श्कोडाचा शस्त्रकारखाना युरोपातल्या मोठ्यांपैकी होता. मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळल्यामुळे दक्षिणेची बाजू उघडी पडली होती, म्हणून झेक एकटे फार काळ टिकले नसते. पण जर्मन सेनेला त्यांच्याशी गुंतावे लागले असते आणि तेव्हा पश्चिम सीमेवर तिची फळी विरळ होती. याच भीतीने सेनाप्रमुख बेक यांनी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला होता आणि त्यांच्या जागी आलेले हाल्डर हिटलरला अटक करण्याच्या कटात सामील होते. तो कट यशस्वी झाला असता की नाही यावर मी काही बांधत नाही. तटबंदीचे मात्र निश्चित सांगता येते: ती सुडेटनलँडमध्येच होती, त्यामुळे म्युनिकने ती एकही गोळी न झाडता जर्मनीला दिली. सहा महिन्यांनी उरलेला देश गेला तेव्हा झेक रणगाडेही जर्मनीकडे गेले, आणि १९४० मध्ये फ्रान्सवर चालून गेलेल्या रोमेलच्या डिव्हिजनमध्ये तेच मोठ्या संख्येने होते.

माझे मत विचाराल तर फ्रान्स खरोखर पुढे सरकला असता, या अटीवर १९३८ बरे होते. ही अट मोठी आहे. सारे फ्रेंच लष्करी नियोजन सरहद्दीवरच्या तटबंदीच्या, म्हणजे मॅजिनो रेषेच्या मागे बसून राहण्याचे होते आणि १९३९ मध्ये पोलंड जळत असताना त्यांनी तेच केले. शिवाय १९३८ मध्ये ब्रिटन दुभंगलेल्या मनाने लढाईत उतरला असता, कॅनडा आणि दक्षिण आफ्रिका बरोबर आले असते याची खात्री नव्हती. वर्षभराने ती अडचण राहिली नाही. म्हणून 'चेंबरलेन यांनी वेळ विकत घेतला' हा युक्तिवाद पूर्ण टाकाऊ नाही. पण स्वतः चेंबरलेन तसे मानत नव्हते. शांतता मिळाली आहे असा त्यांचा विश्वास होता आणि मोठी भूसेना उभारायला ते १९३९ च्या सुरुवातीपर्यंत नाखूश होते. सक्तीची सैन्यभरती आली ती एप्रिल १९३९ मध्ये, प्राग गेल्यानंतर.

त्या काळातली सर्वांत महागडी मुत्सद्दी चूक मी म्युनिकला म्हणत नाही, त्यानंतरच्या उन्हाळ्याला म्हणतो. ३१ मार्च १९३९ ला ब्रिटनने पोलंडला हमी दिली. पोलंडला प्रत्यक्ष मदत पोचवू शकणारे एकच मोठे राष्ट्र होते, सोव्हिएत संघ, आणि त्याच्याशी बोलणी रेंगाळत ठेवली. ऑगस्टमध्ये ब्रिटन आणि फ्रान्सची लष्करी शिष्टमंडळे एका संथ जहाजाने निघून ११ तारखेला मॉस्कोत पोचली. सोव्हिएत संरक्षणमंत्री वोरोशिलोव्ह यांनी सरळ विचारले की आमच्या फौजांना पोलंडमधून जाऊ देणार का. पोलंडने नकार दिला होता, त्यामुळे शिष्टमंडळांकडे उत्तर नव्हते. जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप विमानाने आला आणि २३ ऑगस्टला करार करून मोकळा झाला.

आणि तहाच्या तक्रारीला युद्धाचे मूळ कारण मानणाऱ्यांपुढे मी शेवटी डान्झिग ठेवतो. हे शहर आणि त्याच्या शेजारचा पोलिश पट्टा खरोखर व्हर्सायनेच जर्मनीपासून तोडले होते. डान्झिगची वस्तीही जर्मनच होती. म्हणजे तक्रार म्हणून हे प्रकरण सुडेटनलँडपेक्षा कितीतरी भक्कम होते. तरी ब्रिटनने सुडेटनलँड सोडले आणि डान्झिगवर लढाई पत्करली, कारण मधल्या काळात १५ मार्चला जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले होते आणि तिथल्या झेक लोकांना ताब्यात घेण्यासाठी स्वयंनिर्णयाचा कोणताही दाखला चालत नव्हता. खुद्द हिटलरने २३ मे १९३९ रोजी आपल्या सेनापतींना सांगितले की वाद डान्झिगचा नाहीच, आपल्याला पूर्वेकडे विस्तारासाठी जागा हवी आहे. त्या बैठकीचे टिपण त्याचा लष्करी सहायक श्मुंट याने लिहून ठेवले होते आणि युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात ते पुरावा म्हणून दाखल झाले.